एकात लपलेले पाच

पहिलीत नुकत्याच आलेल्या मुलासमोर एका बाजूला एक-एक रुपयाची पाच नाणी ओळीने मांडा, दुसऱ्या बाजूला पाच रुपयांचं एकच नाणं ठेवा आणि विचारा, "कशात जास्त खाऊ येईल?" बरीच मुलं पाच नाण्यांच्या ओळीवर हात ठेवतात. मोठ्या माणसांना हसू येतं. पण त्या मुलाचा विचार सरळ आहे. आजवर त्याला मोजायला शिकवलं ते असंच: एका वस्तूला बोट लावायचं, एक आकडा म्हणायचा. पाच बोरं म्हणजे पाच, एक बोर म्हणजे एक. बालवाडीची दोन वर्षं घासून पक्का केलेला हा नियम आपण एका नाण्याने मोडतो. सांगतो, की ही वस्तू एक आहे, पण हिला पाच म्हण.

गणितातली ही फार मोठी उडी आहे. पुढे दशक शिकताना मूल हीच उडी पुन्हा मारतं. दहा काड्यांना रबर लावून एक गठ्ठा करायचा आणि त्याला 'एक दशक' म्हणायचं. मात्र गठ्ठ्याची एक सोय असते. शंका आली तर रबर सोडायचं, आतल्या काड्या मोजायच्या, दहा भरतात ते बघायचं. नाणं उघडून बघता येत नाही. त्याच्या पोटात पाच रुपये कुठेच दिसत नाहीत. म्हणून पहिलीच्या वर्गातला दुकान-दुकान हा खेळ वरवर दिसतो त्यापेक्षा पुष्कळ खोल आहे, आणि तो नीट मांडला तर सहा वर्षांचं मूल डोळ्यांना न दिसणारी संख्या हाताळताना आपल्याला समोर बघायला मिळतं.

डोळ्यांची या कामात किती कमी मदत होते, हे घरातली चिल्लर ताटात ओतल्याशिवाय कळत नाही. मोठं नाणं म्हणजे जास्त किमतीचं, असा अंदाज मूल बांधतं आणि तो लगेच फसतो. २०११ साली आलेल्या नाण्यांत दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटर रुंद आहे आणि पाचाचं २३. म्हणजे दोन हे पाचापेक्षा मोठे! २०१९च्या नव्या नाण्यांत हे उलटलं: दोनाचं २३, पाचाचं २५. दोन्ही प्रकार आज एकाच गल्ल्यात सुखाने नांदतात. याहून गंमत अशी, की २०११च्या आधीचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा होता आणि त्याचं वजन ४.८५ ग्रॅम होतं. २०११चं दोन रुपयांचं नाणं? तेही स्टीलचं, २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. डोळे मिटून हातात घेतली तर ही दोन नाणी मोठ्यांनाही चटकन वेगळी सांगता येणार नाहीत. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट आहे आणि फरक फक्त छापात.

त्या छापातही मराठी शाळेतल्या मुलासाठी एक पेच आहे. वर्गात फळ्यावर तो 'पाच' देवनागरीत लिहायला शिकतोय, आणि नाण्यावर मात्र इंग्रजी पद्धतीचा अंक असतो. नोटांचं तसं नाही. २०१६ नंतरच्या नव्या नोटांवर रक्कम देवनागरी अंकांतही छापलेली आहे. दहाच्या नोटेवर १०, विसाच्या नोटेवर २० हे मुलाला स्वतःचं स्वतः सापडतं. पाठीमागच्या पंधरा भाषांच्या चौकटीत वरून आठवी ओळ मराठीची. विसाच्या नोटेमागे वेरूळची लेणी आहेत. वाचायला लागलेल्या मुलाला ही शोधाशोध द्यावी, त्यात अर्धा तास सहज जातो.

रंगावर मात्र विसंबू देऊ नये. नवी शंभराची नोट फिकट जांभळी आहे आणि जुनी पन्नासाची नोटही जांभळ्या छटेचीच. नवी पन्नासाची निळी, तर जुनी शंभराची निळसर हिरवी. जुन्या-नव्या दोन्ही चालतात. 'जांभळी म्हणजे शंभर' असं पाठ केलेलं मूल आजीच्या बटव्यातली जुनी पन्नासाची नोट बघून फसणारच.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले, ते इथे अगदी चपखल लागू होतात. नाणं कडक आहे, गोल आहे, पडलं की खणकतं, हे मूल हाताळून शिकतं. नाण्याची किंमत पाच आहे, हे हाताळून कधीच कळणार नाही. ते समाजाने ठरवलेलं आहे, कुणीतरी सांगावंच लागतं. आणि पाचाचं एक हे एक-एकच्या पाचांइतकंच, ही बरोबरी मात्र सांगूनही पुरत नाही. ती मुलाला स्वतःच्या डोक्यात उभी करावी लागते. बहुतेक वर्गांत पहिल्या दोन गोष्टी होतात आणि तिसरी राहून जाते. तक्त्यावरची नाण्यांची चित्रं ओळखून झाली, मुलं एका सुरात 'पाच रुपये, दहा रुपये' म्हणू लागली, की थेट दुकान मांडलं जातं. मग दुकानात सगळं अडतं आणि बाई म्हणतात, "नाणी ओळखतात, पण बेरीज येत नाही." खरी अडचण बेरजेची नसते. मधली पायरीच घेतलेली नसते.

ती पायरी म्हणजे मोडीचा खेळ. दुकानाच्या आधी हा खेळ आठवडाभर तरी चालावा, असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही खेळांना सामान फार लागत नाही. खरी नाणी घ्यावीत. प्लास्टिकच्या नाण्यांना वजन नसतं, आवाज नसतो, आणि मुलं ती खोटी आहेत म्हणून खोटीच वागवतात. नाणी साबणाच्या पाण्यात धुऊन घ्यायची. घरात रांगतं भावंड असेल तर खेळ संपला की मोजून उचलून ठेवायची, कारण ती तोंडात जातात. नोटा मात्र कागदावर हाताने रंगवलेल्या चालतात. खऱ्या नोटेची रंगीत झेरॉक्स काढू नये, नोटेसारखा दिसणारा कागद तयार करणं कायद्याने गुन्हा आहे. दुकानासाठी एकाची दहा, दोनाची पाच, पाचाची दोन अशी नाणी गल्ल्यात ठेवली की दहा, दहा आणि दहा मिळून तीस रुपये होतात. दोन गिऱ्हाइकांच्या बटव्यात प्रत्येकी पाच, दोन, दोन, एक अशी चार नाणी, म्हणजे दहा-दहा रुपये. सगळं मिळून पन्नास रुपयांत चार मुलांचा गट दुकान खेळतो, आणि पैसे संपत नाहीत, फक्त हात बदलतात.

मोडीच्या खेळात सुरुवातीला एकाची, पाचाची आणि दहाचीच नाणी घ्यायची. दोनाचं नाणं मुद्दाम बाजूला ठेवायचं. पाचाला हाताचा आधार आहे, एक पंजा उघडला की पाच दिसतात. दोनाचं तसं नाही, आणि पाच काही नुसत्या दोन-दोनांत मोडत नाहीत. दोन, दोन आणि वर एक लागतो. ती गुंतागुंत नंतर.

एक मूल 'बँक' होतं. खेळणाऱ्याने फासा टाकायचा, जितके ठिपके तितके सुटे रुपये बँकेकडून घ्यायचे. नियम एकच: जवळ पाच सुटे जमले, की ते बँकेला देऊन पाचाचा बंदा घ्यायचाच. दोन पाच जमले की दहाचं नाणं. पहिल्यांदा वीस रुपयांना पोचेल तो जिंकला. समजा पहिल्या फाशाला चार पडले. चार सुटे आले, बदलायला काही नाही. दुसऱ्याला तीन. आता हातात सात सुटे झाले. पाच गेले, एक बंदा आला, दोन सुटे उरले. तिसऱ्याला सहा. एक बंदा आणि आठ सुटे. पाच पुन्हा गेले, दोन बंदे झाले, ते देऊन दहाचं नाणं आलं, तीन सुटे राहिले. तेरा सुट्या रुपयांऐवजी समोर चार नाणी उरली.

या प्रत्येक देवघेवीनंतर मोठ्याने एकच प्रश्न विचारायचा: "आता तुझे पैसे वाढले, कमी झाले, की तेवढेच राहिले?" हा प्रश्न सगळ्या खेळाचा जीव आहे. पहिल्या दिवशी मुलं कासावीस होतात. पाच नाणी दिली आणि एकच परत मिळालं, म्हणजे आपण फसलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. काही जण बदलायलाच नकार देतात, सुटे मुठीत घट्ट धरून बसतात. त्यांना जबरदस्ती करू नये. त्या मुलाला पाचाच्या नाण्याशेजारी पाच सुटे एकाला एक लावून ठेवू द्यावे, मग नाणं उचलून बँकेत देऊन पुन्हा पाच सुटे घेऊ द्यावे, पुन्हा उलट. हवं तितक्या वेळा. परत येतात, पुन्हा परत येतात, हे त्याला दिसलं पाहिजे. आणि मग एक दिवस आपण तोच प्रश्न विचारतो आणि मूल आपल्याकडे असं बघतं, जणू आपणच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. "तेवढेच की!" मोजत नाही, नाण्यांकडे बघतही नाही. तो क्षण मला दर वेळी थक्क करतो. त्या मुलाच्या डोक्यात एक वस्तू पाच होऊन बसली, आणि ते बसताना कुणालाच दिसलं नाही.

नंतर उलटा खेळ. वीस रुपयांपासून सुरू करून फाशाप्रमाणे बँकेला पैसे द्यायचे. आता मोडावं लागतं. चार द्यायचे आहेत आणि हातात दहाची दोन नाणी आहेत, काय करणार? आधी एका दहाचे दोन पाच, मग एका पाचाचे पाच सुटे, मग त्यातले चार. दुसरीत हातच्याची वजाबाकी येते तेव्हा शिक्षक फळ्यावर नेमकं हेच करतात, दशक सोडवून एकक करतात. पहिलीतल्या मुलाने ते नाण्यांनी करून पाहिलेलं असेल तर त्यात नवल काहीच उरत नाही.

आता दोनाचं नाणं आणायचं आणि आता दुकान मांडायचं. नाणी ओळखण्याचा शेवटचा सराव म्हणून एक छोटी मौज करता येते. २००७ ते २०११ या काळात नृत्यमुद्रांची नाणी निघाली होती. त्यातल्या रुपयावर उभा अंगठा आहे आणि दोन रुपयांवर दोन बोटं. अजूनही ती चिल्लरीत सापडतात. अंक न वाचता किंमत बोटांवर मोजता येणारं नाणं हातात आलं की मुलं ते एकमेकांना दाखवत सुटतात. सालाच्या खाली बारीक हिरा दिसला तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं, हेही भिंग देऊन शोधायला लावावं.

दुकानात पाच-सहाच वस्तू ठेवाव्या आणि किमती एक ते पाच रुपयांच्या, पूर्ण रुपयांत. पेन्सिल पाच, लिंबू चार, खोडरबर तीन, चिक्की दोन, शाम्पूची पुडी एक. किमतीच्या चिठ्ठीवर अंक लिहायचा आणि पहिले दोन दिवस अंकाखाली तेवढे ठिपकेही काढायचे. एक दुकानदार, दोन गिऱ्हाइकं, आणि चौथं मूल बाजूला बसून हिशेब तपासणारं. या चौथ्याला बहुतेक जण विसरतात, पण सगळ्यात जास्त तेच शिकतं, कारण त्याच्या हातात नाणी नसतात.

एक गिऱ्हाईक बघू. तिच्या बटव्यात पाच, दोन, दोन, एक. "ओ काका, एक पेन्सिल द्या आणि एक खोडरबर." दुकानदार काका सात वर्षांचे. ते दोन्ही वस्तू पुढे ठेवतात आणि म्हणतात, "पाच आणि तीन. आठ झाले." ती बटवा उलटा करते. आठ रुपयांचं नाणं असतं का, म्हणून शोधते. नसतं. मग एकेक नाणं टेबलावर सरकवत मोजते: "एक, दोन, तीन, चार. माझ्याकडे चारच आहेत!"

ही या खेळातली सर्वांत नेहमीची चूक. ती नाणी मोजते आहे, रुपये नाहीत. मोडीचा खेळ खेळूनही ही चूक परत येते, कारण आता डोक्यावर वस्तूंचा, किमतींचा आणि समोरच्या काकांचा भार आहे. "चूक" म्हणून सांगण्यात अर्थ नाही. दोन वेगळे प्रश्न विचारावेत: "नाणी किती?" आणि मग "रुपये किती?" पहिल्याला चार हे उत्तर बरोबरच आहे. दुसऱ्याला उत्तर देताना ती थांबते, आणि तिचं ते थांबणं मोलाचं असतं.

मोजायला तिला एक साधी रीत द्यायची: मोठं नाणं आधी, आणि नाण्याची जितकी किंमत तितक्या टिचक्या. फक्त पाचाला एकच टिचकी, कारण पाच आता पंजासारखे एकदम म्हणता येतात. म्हणजे पाचाच्या नाण्यावर एक टिचकी, "पाच". दोनाच्या नाण्यावर दोन टिचक्या, "सहा, सात". एकाच्या नाण्यावर एक, "आठ". झाले आठ. दोनाचं एक नाणं बटव्यात उरलं.

ऐकताना कान उघडे ठेवले तर मूल कुठे अडलं आहे ते नेमकं कळतं. "पाच, सहा, सात" असं म्हणून ते थांबलं, तर पाचाच्या पुढे मोजणं त्याला जमलं, पण दोनाच्या नाण्याला त्याने एकच टिचकी मारली. "एक, दोन, तीन, चार, पाच... सहा, सात... आठ" असं दर वेळी एकपासून सुरू करत असेल, तर उत्तर बरोबर आलं तरी पाचाचा बंदा अजून त्याच्या मनात पक्का बसलेला नाही. त्याला दोन दिवस पुन्हा मोडीच्या खेळात बसवावं. आणि छोट्या नाण्यापासून सुरुवात करून "एक, तीन..." असं म्हणत गोंधळत असेल, तर अडचण फक्त क्रमाची आहे, नाणी मोठी-छोटी लावून घेतली की ती मिटते. तिघांचंही उत्तर चुकू शकतं, पण तिघांना मदत वेगवेगळी लागते. नुसती 'चूक की बरोबर' अशी खूण केली तर हे हातातून निसटतं.

सुटे परत देण्याचा प्रसंग मुद्दाम उशिरा आणावा. पहिल्या काही दिवसांत गिऱ्हाइकाने नेमकी रक्कमच द्यायची. त्यानंतर बटव्यातली नाणी काढून दहाची एक नोट ठेवायची. आता पेन्सिल आणि चिक्की घेतली, सात रुपये झाले. नोट दिली. किती परत?

मोठी माणसं इथे 'दहातून सात गेले' असं सांगायला धावतात. किराणा दुकानातला जुना माणूस असं करताना क्वचितच दिसतो. तो वस्तू पुढे सरकवतो आणि म्हणतो, "हे सात," मग एकेक रुपया गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत, "आठ, नऊ, दहा." वजाबाकी केलीच नाही. सातापासून दहापर्यंत चढत गेला आणि वाटेत जेवढी नाणी पडली तेवढे सुटे. या पद्धतीत चूक लपत नाही, कारण गिऱ्हाईकही बरोबरीने मोजतं आणि शेवटी दोघांच्या तोंडी एकच आकडा येतो. पहिलीच्या मुलांना पुढे मोजता येतं, मागे मोजताना त्यांची दमछाक होते. म्हणून हीच रीत द्यावी. चौथ्या मुलाचं काम इथे ठरलेलं: वस्तूंचे सात आणि परत आलेले तीन मिळून दहा भरले का, ते बघायचं.

या टप्प्यावर एक जुनीच समजूत नव्याने डोकं वर काढते. एक नोट दिली आणि पेन्सिल, चिक्की, वर तीन नाणी मिळाली, म्हणजे आपला फायदा झाला, असं मुलाला वाटतं आणि ते खुशीत नाचतं. तेव्हा तिथेच थांबून दुकानदाराकडून दहाच्या नोटेचे दहा सुटे करून घ्यावेत आणि त्यातले सात वस्तूंसमोर एकाला एक लावून दाखवावेत. एकदा पाहिलं की बहुतेकांना पुरतं.

आता जे सांगते ते मुलांना सांगायची गरज नाही, पण खेळ मांडणाऱ्या मोठ्यांनी अनुभवावं. पाच, दोन आणि एक या तीनच प्रकारच्या नाण्यांनी आठ रुपये किती तऱ्हांनी देता येतील? पाचाचं नाणं घेतलं तर उरलेले तीन दोन तऱ्हांनी, न घेतलं तर आठ पाच तऱ्हांनी. एकूण सात. पहिलीचा गट टेबलावर नाणी मांडून या साती तऱ्हा शोधून काढतो, आणि मग विचारावं, "सगळ्यांत कमी नाणी कशात लागली?" पाच, दोन, एक. तीन नाणी. मग नऊ करून बघा: पाच, दोन, दोन. तीनच. एक ते नऊपर्यंतची कोणतीही रक्कम तीनपेक्षा जास्त नाण्यांची मागणी करत नाही.

यामागे नेटकी रचना आहे. एक, दोन, पाच; मग दहा, वीस, पन्नास; मग शंभर, दोनशे, पाचशे. तेच तीन आकडे दर वेळी दहापटीने वाढत जातात. म्हणून नव्व्याण्णव रुपयांपर्यंतची कोणतीही रक्कम जास्तीत जास्त सहा नाण्या-नोटांत बसते. या ओळीत दोनशेची जागा बराच काळ रिकामी होती. ती नोट ऑगस्ट २०१७मध्ये आली आणि साखळी भरली. युरोपातल्या बारीक नाण्यांतही एक, दोन, पाच हीच चाल आहे. पहिलीतलं मूल चिक्कीचे पैसे देताना ज्या तीन आकड्यांशी झटतं, त्यांच्यावर साऱ्या रोख व्यवहाराचा डोलारा उभा आहे.

मराठीतल्या आकड्यांच्या नावांनाही हा खेळ एक आधार देतो. आपण सत्तावीस म्हणतो, त्यात सात आधी आणि वीस नंतर ऐकू येतात. लिहिताना मात्र दोन आधी, सात नंतर. मुलं याने हमखास गोंधळतात. हा गोंधळ कमी व्हावा म्हणून २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आणलं गेलं आणि महाराष्ट्रभर त्यावर वाद झाला. त्या वादाचा निकाल काही लागो, टेबलावर सत्तावीस रुपये मांडताना मूल आधी दहाच्या दोन नोटा ठेवतं, मग पाच आणि दोन. दशक आधी. हाताने तो क्रम घडला की लिहिताना तो सापडायला सोपा जातो.

एवढं सगळं टेबलावर जमलं तरी कागदावर ते आपोआप उतरत नाही, आणि ही या खेळाची खरी मर्यादा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तोंडी हिशेब पटापट करत होती, पण त्याच जातीची पुस्तकी गणितं कागदावर दिल्यावर अडत होती. शाळेतल्या मुलांचं उलट. कागदावरचं येत होतं, बाजारातला हिशेब येत नव्हता. दोन्हीकडे गणित तेच, मधे पूल नव्हता.

दुकानाच्या खेळात हा पूल बांधायला फार लागत नाही. प्रत्येक विक्रीनंतर दुकानदाराने बिल लिहायचं. पेन्सिल ५, खोडरबर ३, खाली रेघ, एकूण ८. शेजारी गिऱ्हाइकाने दिलेल्या नाण्यांचे गोल काढायचे आणि प्रत्येकात अंक लिहायचा. दुसऱ्या दिवशी हीच बिलं वर्गात वाटायची, त्यांवरून तीच खरेदी पुन्हा नाण्यांनी मांडायची. नाण्यांवरून कागदाकडे आणि कागदावरून नाण्यांकडे, दोन्ही दिशांनी. पहिलीत एकूण रक्कम वीसच्या पुढे नेण्याची घाई करू नये.

पूर्वी हा सराव घरीच होत असे. "जा, चार लिंबं घेऊन ये, सुटे बघून घे," असं सांगून मुलांना कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं जाई. आता शहरात आई-बाबा फोन पुढे करतात, दुकानातली पेटी रक्कम बोलते आणि व्यवहार संपतो. सहा वर्षांच्या मुलाने त्यात एकही नाणं बघितलेलं नसतं. पडद्यावरची रक्कम मोडता येत नाही, तिचे पाच सुटे करून हातावर घेता येत नाहीत. म्हणून शाळेने हे दुकान बाल आनंद मेळाव्याच्या एका दिवसापुरतं ठेवू नये. वर्गाच्या कोपऱ्यात एक खोकं आणि पन्नास रुपयांची चिल्लर वर्षभर राहू द्यावी.

घरी हा खेळ मांडणाऱ्यांना एवढीच विनंती: आधी दुकान मांडू नका. आठ दिवस फक्त मोडीचा खेळ खेळा, आणि तुमचं मूल न मोजता "तेवढेच की!" म्हणेल, त्या दिवशी पहिलं लिंबू विकायला ठेवा.